सत्काराला उत्तर : दोन मिनिटांचं भाषण

पुरस्कार स्वीकारल्यावर बोलायची वेळ येते तेव्हा माणसाच्या खांद्यावर शाल असते, एका हातात श्रीफळ आणि दुसऱ्या हातात सन्मानचिन्ह असतं. छायाचित्रं नुकतीच काढून झालेली असतात. मानपत्र वाचून झालेलं असतं, म्हणजे आपण काय काय केलं हे सभागृहाला कळलेलं असतं. मग सूत्रसंचालक माइककडे हात दाखवून म्हणतात, ‘दोन शब्द बोलावेत.’ या क्षणी जे बोललं जातं, त्याला आपल्याकडे सत्काराला उत्तर म्हणतात किंवा मनोगत म्हणतात. एरवी कधी मंचावर न चढणाऱ्या माणसावरही ही वेळ येते. उत्कृष्ट शिक्षक, उत्कृष्ट तलाठी, उत्कृष्ट शाखा अभियंता, उत्कृष्ट परिचारिका असे पुरस्कार मिळवणारी बहुतेक माणसं वर्षानुवर्षं कामात असतात, बोलण्यात नसतात.

अशी शेकडो मनोगतं ऐकल्यावर मला एक गोष्ट ठाम वाटते. ज्यांनी साथ दिली त्यांची नावं घेतल्याने श्रेय वाटलं जात नाही. त्यांनी काय केलं हे सांगितलं, तरच ते वाटलं जातं. नाव ऐकून टाळी पडते आणि विरते. काम ऐकलं की सभागृहात बसलेला अनोळखी माणूसही त्या व्यक्तीकडे मान वळवून पाहतो. आभाराचं भाषण चांगलं व्हायचं असेल तर सगळी मेहनत इथे घ्यायला हवी.

हे नुसतं सांगून उमगणार नाही, म्हणून एक उदाहरण पूर्ण तपशिलात घेऊ. समजा, 12 मेचा जागतिक परिचारिका दिन आहे आणि एका जिल्हा रुग्णालयातल्या इनचार्ज सिस्टरना पुरस्कार मिळतो आहे. त्या नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात काम करतात. वेळेआधी जन्मलेली, अडीच किलोपेक्षा बरंच कमी वजनाची, श्वास घ्यायला धडपडणारी बाळं तिथे येतात. आयोजकांनी सिस्टरना दोन मिनिटं दिली आहेत. आदल्या रात्री त्यांनी वहीत जो मजकूर लिहिला, तो साधारण असा असतो :

‘सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावर विराजमान असलेले आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सर्व मान्यवर अधिकारीवर्ग आणि उपस्थित माझ्या बंधूभगिनींनो, आज हा पुरस्कार स्वीकारताना माझ्या मनात ज्या भावना दाटून आलेल्या आहेत त्या व्यक्त करण्यासाठी माझ्याकडे शब्द नाहीत. खरे पाहता मी या पुरस्कारास पात्र नाही. हा पुरस्कार माझा नसून माझ्या संपूर्ण टीमचा आहे. या निमित्ताने मी माननीय जिल्हा शल्यचिकित्सक, माननीय वैद्यकीय अधीक्षक, सर्व बालरोगतज्ज्ञ, अधिसेविका, माझ्या सर्व सहकारी परिचारिका, कक्षसेवक, सफाई कर्मचारी, आशा कार्यकर्त्या, तसेच माझे कुटुंबीय या सर्वांचे मनःपूर्वक आभार व्यक्त करू इच्छिते. अनवधानाने कोणाचे नाव राहिले असल्यास क्षमस्व.’

यात अयोग्य असं एकही वाक्य नाही. भावनाही खरी आहे. पण हे भाषण ‘सर्व बालरोगतज्ज्ञ’च्या जागी ‘सर्व अभियंते’ घातलं तर धरणावरच्या माणसालाही चालेल. ज्या कक्षात ही बाई रात्रीच्या रात्री जागली, तो कक्ष यात कुठेच नाही.

संबोधनापासून सुरुवात करू. मंचावर सहा जण असले आणि प्रत्येकाचं पदनामासह नाव घेतलं, तर पाऊण मिनिट तिथेच जातं. दोन मिनिटांतलं पाऊण मिनिट! शिवाय तीच नावं सूत्रसंचालकाने घेतलेली असतात, प्रास्ताविकात आलेली असतात आणि आभारप्रदर्शनात पुन्हा येणार असतात. सत्कारमूर्तीने ‘अध्यक्ष महोदय आणि इथे जमलेल्या सगळ्यांना नमस्कार’ एवढं म्हटलं तर कुणाचाही अवमान होत नाही. सरकारी कार्यक्रमात फारच अवघड वाटलं, तर अध्यक्षांचं एक नाव घ्यावं आणि पुढे जावं.

मग येतं ‘मी या पुरस्कारास पात्र नाही.’ आपल्या मराठी संस्कारात हे वाक्य फार सहज तोंडी येतं, आणि मला ते मनापासून खटकतं. निवड समितीने अर्ज वाचलेले असतात, क्वचित प्रत्यक्ष येऊन पाहणी केलेली असते. त्यांच्यासमोर आपण पात्र नाही म्हणणं म्हणजे तुमची निवड चुकली असं म्हणणं. त्याहून वाईट परिणाम पाठीमागच्या खुर्च्यांवर होतो. याच पुरस्कारासाठी ज्यांचं नाव गेलं होतं आणि ज्यांना तो मिळाला नाही, त्या तिथे बसलेल्या असतात. विजेतीच अपात्र असेल तर त्यांनी काय समजायचं? नम्रता दाखवायची तर आपला वाटा नाकारू नये. तो नेमका सांगावा, आणि तो केवढा आहे तेवढाच सांगावा.

‘हा पुरस्कार माझा नसून टीमचा आहे’ हे वाक्यही मी काढून टाकेन. ते खोटं नाही, पण एवढ्यावर थांबलं की टीममध्ये कोण आहे आणि कुणी काय केलं हे सगळं झाकलं जातं. वाटणी न करताच सगळं दिल्यासारखं होतं.

आता आभारांचं ते लांबलचक वाक्य. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि लिहिताना ही गोष्ट जाणवत नाही. ‘मी अमुक, तमुक, अमके, तमके या सर्वांचे मनःपूर्वक आभार व्यक्त करू इच्छिते’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याला सगळी नावं हातात धरून क्रियापदाची वाट पाहावी लागते. चौथ्या-पाचव्या नावानंतर तो सोडून देतो. वाचताना डोळा मागे फिरू शकतो, कानाला ती सोय नाही. म्हणून बोलायच्या मजकुरात एका माणसाला एक वाक्य द्यावं, आणि त्या वाक्याचं क्रियापद त्या माणसाने केलेल्या कामाचं असावं. ‘आभार मानते’ हे क्रियापद बोलणारीचं आहे. ‘धुवायला लावते’, ‘तपासून ठेवतात’, ‘गुंडाळून आणते’ ही क्रियापदं ज्यांना श्रेय द्यायचं त्यांची आहेत.

यासाठी सिस्टरनी वही बाजूला ठेवून स्वतःला एक प्रश्न विचारायचा : एक बाळ जगून घरी गेलं, तर त्या वाटेवर कुणाकुणाचे हात लागले? इथे कक्षाचं काम थोडं समजून घ्यावं लागतं, कारण भाषणातला कस या तपशिलांतूनच येतो.

इतक्या लहान बाळाचा पहिला शत्रू गारठा. त्याच्या अंगावर चरबी नसते, ते स्वतःची ऊब टिकवू शकत नाही. गावातून जिल्हा रुग्णालयापर्यंतच्या प्रवासात ते गार पडलं, तर पुढचे सगळे उपचार जड जातात. म्हणून आशाताईने बाळाला आईच्या छातीशी, अंगाला अंग लावून, वरून गुंडाळून आणलं असेल, तर उपचार तिथूनच सुरू झालेले असतात. याला कांगारू मदर केअर म्हणतात. आत आल्यावर बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरखाली ठेवतात. वॉर्मर, ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारी यंत्रं, सलाइन मोजून सोडणारे पंप ही सगळी विजेवर चालतात. जिल्ह्याच्या ठिकाणी वीज जाते, तेव्हा जनरेटर काही सेकंदांत सुरू व्हावा लागतो, आणि तो त्याच रात्री सुरू होईल याची खात्री आधी कुणीतरी करून ठेवलेली असावी लागते. दुसरा शत्रू जंतुसंसर्ग. तो बहुतेक वेळा हातांवरून जातो. त्यामुळे दारात कोण उभं आहे आणि आत येणाऱ्याला हात धुवायला लावण्याची त्या व्यक्तीची हिंमत किती आहे, यावर बरंच ठरतं. तिसरी गोष्ट दूध. अशा बाळाला ओढून पिता येत नाही. आईचं दूध काढून, मोजून, दर दोन तासांनी नळीने द्यावं लागतं. दिवसा आणि रात्री, सणाच्या दिवशीही.

यातली बरीच माणसं मानपत्रात कुठेच नसतात. तरी ‘आमच्या कक्षात बाळं जगतात’ या वाक्याचा अर्थ तीच माणसं असतात. श्रेय वाटताना सर्वांत आधी ती आठवावीत, ज्यांना स्वतःहून कुणी पुरस्कार देणार नाही.

आणि वरिष्ठ? मंचावर वैद्यकीय अधीक्षक बसले आहेत, त्यांचं नाव न घेता कसं चालेल, ही चिंता अगदी खरी आहे. घ्यावं की. पण त्यांनाही तोच नियम लावावा. ‘अधीक्षकसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली’ म्हटलं तर ते प्रत्येक अहवालात असतं, त्यामुळे ऐकूच येत नाही. त्यांनी कक्षासाठी नेमकं काय केलं? रात्रपाळीला सिस्टर कमी पडत होत्या, तेव्हा त्यांनी पत्रावर पत्र लिहून दोन जागा भरून आणल्या असतील, तर तेच सांगावं. त्यात खुशामत राहत नाही, कारण गोष्ट खरी आहे आणि सभागृहातल्या इतरांना ती माहीत आहे. ज्या वरिष्ठाबद्दल सांगण्यासारखं असं काहीच आठवत नसेल, त्याला सर्वांबरोबरच्या नमस्कारात सामावून घ्यावं.

हे सगळं मनाशी जुळवून सिस्टर पुन्हा लिहायला बसल्या, तर भाषण असं होऊ शकतं. मंचावर यातल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव घ्यायचं आहे. इथे मी फक्त नाती आणि कामं ठेवतो.

‘अध्यक्ष महोदय आणि इथे जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

आमच्या कक्षाचं काम निवड समितीने इतकं जवळून पाहिलं, याचा मला फार आनंद झाला. मनापासून आभार.

एका रात्री आमच्याकडे एक बाळ आलं. वजन बाराशे ग्रॅम.

ते गाडीतून उतरलं तेव्हा आईच्या छातीशी गुंडाळलेलं होतं. हातपाय गरम होते. आशाताईंनी तासभराच्या प्रवासात त्याला गार पडू दिलं नव्हतं.

त्याच रात्री वीज गेली. जनरेटर लगेच सुरू झाला. आमचे इलेक्ट्रिशियनदादा दर सोमवारी तो चालू करून बघतात. कुणी सांगितलेलं नाही, तरी बघतात.

आमच्या दारात मावशी असतात. हात धुतल्याशिवाय त्या कुणाला आत सोडत नाहीत. मोठ्या डॉक्टरांनाही नाही, आणि मलाही नाही.

माझ्या सिस्टर्सनी त्या बाळाला दर दोन तासांनी दूध दिलं. महिनाभर, एकही वेळ न चुकवता. आमच्या अधीक्षकसरांनी रात्रपाळीसाठी दोन सिस्टर्स मिळवून दिल्या, म्हणून ते जमलं.

आणि त्याच्या आईनं त्याला रोज तासन्‌तास छातीशी धरलं. आमच्या कुठल्याही यंत्रापेक्षा तिनं जास्त काम केलं.

बाळ घरी गेलं.

या सगळ्यांची कामं वेळेवर एकमेकांना जोडून देणं, हे माझं काम. ते मला मनापासून आवडतं.

मी रात्रपाळीला असते तेव्हा माझ्या मुलांना सासूबाई जेवू घालतात, त्यांचा अभ्यास घेतात. आई, तुम्ही समोर बसला आहात. तुमच्यामुळे मी निर्धास्तपणे कामावर जाते.

धन्यवाद.’

हे साधारण पावणेदोनशे शब्द झाले. मंचावर थांबत, श्वास घेत, टाळ्यांना वाट देत बोललं, तर मिनिटाला शंभर शब्दांच्या आसपास होतात, म्हणजे हे दोन मिनिटांत बसतं. नावं घेतल्यावर दहा-पंधरा शब्द वाढतील, तेही चालतील. घरी वाचून दीड मिनिटात होतं म्हणून आणखी अर्ध्या मिनिटाचा मजकूर भरू नये. मंचावर वेळ नेहमी जास्तच लागतो.

या भाषणातल्या दोन-तीन निवडी मुद्दाम केलेल्या आहेत. एकाच बाळाची गोष्ट घेतली, कारण तिच्या धाग्यात सगळी माणसं आपोआप क्रमाने येतात आणि बोलणारीला यादी पाठ करावी लागत नाही. पुढे काय झालं हे आठवलं की पुढचा माणूस आठवतो. बाळाचं गाव, वर्ष, आईचं नाव यातलं काहीही सांगितलेलं नाही. रुग्णाची ओळख पुरस्काराच्या मंचावर उघड करायची नसते, कुटुंबाला आनंद होईल असं वाटलं तरी नाही. मृत्यूचं प्रमाण इतक्या टक्क्यांनी कमी झालं असा आकडाही नाही. तो मानपत्रात असतो, आणि अशा आकड्यामागे अनेक कारणं असतात, ती सगळी दोन मिनिटांत सांगता येत नाहीत. स्वतःचा वाटा एका वाक्यात आहे, पण तो आहे. ‘कामं एकमेकांना जोडून देणं’ हे इनचार्ज सिस्टरचं खरं कौशल्य आहे आणि ते त्यांनी स्वतः म्हणायला काहीच हरकत नाही.

घरच्यांचा उल्लेख शेवटी ठेवला आहे त्यालाही कारण आहे. सासूबाईंकडे पाहून बोलताना सिस्टरचा गळा दाटून येण्याची शक्यता मोठी. ते सुरुवातीला झालं तर पुढचं भाषण हातून जातं. शेवटी झालं तर फक्त ‘धन्यवाद’ म्हणायचं उरलेलं असतं. गळा दाटला तर थांबावं, एक श्वास घ्यावा, माफी मागू नये. सभागृह थांबतं.

पण जवळच्या माणसांना शेवटी ठेवण्यात एक धोका आहे : ती राहूनच जातात. हिलरी स्वँक या अभिनेत्रीला 2000 साली पहिलं ऑस्कर मिळालं, तेव्हा तिने बऱ्याच जणांचे आभार मानले आणि समोर बसलेल्या नवऱ्याचं नाव राहिलं. त्याची मोठी चर्चा झाली. 2005 मध्ये तिला दुसऱ्यांदा ऑस्कर मिळालं, तेव्हा आपल्या माणसांचे आभार मानताना तिने सुरुवात नवऱ्यापासूनच केली. जी माणसं रोजच्या जगण्यात इतकी मिसळलेली असतात, ती यादी करताना वेगळी दिसत नाहीत. म्हणून कागदावर बाकी काही लिहिलं नाही तरी नावं लिहावीत, आणि सर्वांत जवळचं नाव सर्वांत मोठ्या अक्षरात.

कागदाबद्दल आणखी थोडं. पूर्ण भाषण लिहून आणून वाचायचं ठरवलं, तर मान खाली जाते आणि आवाज कागदावर पडतो. सगळं पाठ करून आलं, तर एक वाक्य निसटताच पुढचं सापडत नाही. मला यातला मधला मार्ग चांगला वाटतो. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य अगदी पाठ असावं, मधल्या भागासाठी पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर फक्त टप्पे लिहावेत : छातीशी गुंडाळलेलं, आशाताई. वीज, इलेक्ट्रिशियनदादा. दार, मावशी. जाड कागद अशासाठी, की हात थरथरला तरी तो फडफडत नाही आणि माइकमध्ये आवाज येत नाही. मोबाइलवरून वाचू नये. दिवे डोळ्यांवर असतात, पडदा मधेच काळा होतो, आणि दुरून पाहणाऱ्याला तुम्ही संदेश वाचताय असं वाटतं.

सराव मात्र मोबाइलवरच करावा. उभं राहून, मोठ्याने, ध्वनिमुद्रण लावून. मनातल्या मनात वाचलं तर हे भाषण नेहमीच छान वाटतं. जीभ कुठे अडते ते तोंडाने म्हटल्यावरच कळतं. ‘व्यक्त करू इच्छिते’, ‘अनन्यसाधारण सहकार्य’, ‘ऋणनिर्देश’ हे शब्द कागदावर शोभतात, पण आपण घरी असं बोलत नाही, म्हणून तिथे सूर बदलतो आणि आपण दुसऱ्याचंच लिहिलेलं वाचतोय असं ऐकू येतं. ध्वनिमुद्रण ऐकताना जिथे आपलाच आवाज परका वाटेल, तिथलं वाक्य बदलावं. घरातल्या कुणाला तरी ऐकवावं आणि ‘कसं झालं?’ असं न विचारता ‘कुणी काय केलं ते सांग’ असं विचारावं. ऐकणाऱ्याला जनरेटरवाले दादा आणि दारातल्या मावशी आठवल्या, तर श्रेय पोचलं. नुसतं ‘छान बोललीस’ असं उत्तर आलं, तर कामं अजून पुरेशी स्पष्ट झालेली नाहीत.

ज्यांची नावं घ्यायची त्यांना आधी विचारावं, हेही मी आग्रहाने सांगेन. आडनाव नीट विचारून घ्यावं, उच्चार तपासावा. पंधरा वर्षं ‘मावशी’ म्हणून हाक मारलेल्या बाईंचं पूर्ण नाव आपल्याला माहीत नसतं, आणि ज्या क्षणी त्यांचा मान होतोय त्याच क्षणी ते चुकलं तर फार वाईट वाटतं. शक्य असेल तर त्यांना कार्यक्रमाला बोलावून घ्यावं. आयोजकांकडे दोन खुर्च्या मागितल्या तर सहसा मिळतात.

मंचावर गेल्यावर श्रीफळ, शाल, सन्मानचिन्ह, सगळं टेबलावर किंवा कुणाच्या तरी हाती द्यावं. हात मोकळे असले की आवाज मोकळा होतो. माइक आपल्या उंचीला करून घ्यायला चार सेकंद लागतात, ती घ्यावीत. आधी बोललेले पाहुणे उंच असतील तर माइक तुमच्या कपाळापाशी असतो. विल्यम फॉकनर या अमेरिकन कादंबरीकाराचं उदाहरण या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखं आहे. 10 डिसेंबर 1950 रोजी स्टॉकहोमला नोबेल पारितोषिकाच्या मेजवानीत त्यांनी अवघ्या काही मिनिटांचं भाषण केलं. आज ते नोबेलच्या सर्वोत्तम भाषणांत गणलं जातं. पण ते माइकपासून दूर उभे होते, भरभर बोलत होते, आणि समोरच्या बहुतेकांना ते नीट ऐकूच आलं नाही. दुसऱ्या दिवशी छापून आलं तेव्हा लोकांना त्याची थोरवी कळली. फॉकनर यांचं भाषण जगभर छापलं गेलं. आपल्या सिस्टरचं भाषण कुठेच छापून येणार नाही. मावशींना ते तिथेच, त्याच वेळी ऐकू यायला हवं.

सगळं श्रेय शब्दांतूनच द्यावं लागतं असंही नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. दहा लाख डॉलरचं ते पारितोषिक त्यांच्या एकट्याचं होतं. ते स्वीकारतानाच त्यांनी जाहीर केलं की, अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांमध्ये वाटली जाईल. जे हरले त्यांचा विचार जिंकणाऱ्याने त्याच क्षणी केला, आणि तोही एका ठोस कृतीने. आपल्या सिस्टरच्या पुरस्काराची रक्कम छोटी असेल, बहुधा नसेलही. पण ज्या इतर परिचारिकांची नावं शर्यतीत होती, त्यांच्या कामाचा एका वाक्यात आदराने उल्लेख करणं कुणालाही परवडतं. आदिवासी भागातल्या उपकेंद्रावर एकटीने बाळंतपणं करणारी एखादी सिस्टर त्यांच्यात असेल, तर दुधाच्या वाक्यांपैकी एक कमी करून हे घालावं.

आणि जी नावं दोन मिनिटांत बसत नाहीत, त्यांचं काय? ज्यांनी नर्सिंगच्या पहिल्या वर्षी बोट धरून शिरेत सुई घालायला शिकवलं त्या शिक्षिका, ज्यांनी फी भरली ते मामा, बदली रद्द व्हावी म्हणून धावपळ केलेले कारकून. त्यांना मंचावर रांगेत उभं करू नये. त्यांना पत्र लिहावं. अल्बेर काम्यू यांना 1957 साली साहित्याचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा गडबड थोडी शांत होताच, 19 नोव्हेंबरला, त्यांनी अल्जियर्समधले आपले प्राथमिक शाळेतले शिक्षक लुई जेर्मां यांना एक छोटं पत्र लिहिलं. काम्यूंचे वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले होते, आई घरकाम करून पोट भरत होती. जेर्मां यांनी या मुलाला शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी जादा वेळ देऊन शिकवलं नसतं, तर त्याचं पुढचं शिक्षण झालं नसतं. बातमी कळल्यावर आईनंतर पहिला विचार तुमचा आला, असं त्यांनी गुरुजींना कळवलं. त्या डिसेंबरमधली भाषणं पुढे पुस्तकरूपाने आली, ती त्यांनी जेर्मां यांनाच अर्पण केली. पत्रात वेळेचं बंधन नसतं, टाळ्यांचं नसतं. म्हणून पुरस्कार जाहीर झाल्यावर दोन याद्या कराव्यात : मंचावरची पाच-सहा माणसांची आणि पत्रांची, हवी तितकी लांब. मग मंचावर ‘कोणाचे नाव राहिले असल्यास क्षमस्व’ म्हणायची वेळच येत नाही.

एक अडचण मात्र जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात येते, तिची तयारी आदल्या दिवशीच करून ठेवावी. प्रमुख पाहुणे उशिरा येतात, एखाद्या वक्त्याचं भाषण लांबतं, आणि तुमच्या नावाचा पुकारा होताना आयोजक कानाशी येऊन म्हणतात, ‘मॅडम, अर्ध्या मिनिटात आटोपता आलं तर बरं.’ अशा वेळी दोन मिनिटांचं भाषण घाईने म्हणू नये. ते कुणालाच कळत नाही. पोस्टकार्डाच्या मागच्या बाजूला अर्ध्या मिनिटाचं भाषण तयार असावं. त्यात एक नमस्कार, मंचापासून सर्वांत दूर असलेल्या माणसांची दोन-तीन कामं, आपलं एक वाक्य, संपलं. आपल्या सिस्टरचं ते असं होईल :

‘नमस्कार. निवड समितीचे मनापासून आभार. आमच्या कक्षात हात धुतल्याशिवाय मावशी कुणालाही आत सोडत नाहीत. इलेक्ट्रिशियनदादा दर सोमवारी जनरेटर तपासून ठेवतात. माझ्या सिस्टर्स दर दोन तासांनी प्रत्येक बाळाला दूध देतात, रात्रीसुद्धा. या सगळ्यांची कामं वेळेवर जोडून देणं हे माझं काम आहे, आणि ते मला फार आवडतं. आज मावशी समोर बसल्या आहेत. मावशी, जरा उभ्या राहता का?’